तेलुगू ओठ, मराठी शब्द: डबिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मी लिहिलेल्या पहिल्याच डब सिनेमात नायिका नायकाला 'भाऊ' म्हणाली होती. तेलुगूत ती त्याला लाडाने 'बावा' म्हणते. क्लोजअप होता, ब ला ओठ मिटत होते, वा ला पुढे येत होते. 'भाऊ' त्या ओठांवर असा चपखल बसला की मी खूश होऊन पुढच्या पानावर गेले. बावा म्हणजे आतेभाऊ किंवा मामेभाऊ, ज्याच्याशी लग्न लागू शकतं तो, किंवा बहिणीचा नवरा. पुढच्या सीनमध्ये दोघं झाडामागे गाणं म्हणतात. रेकॉर्डिंग सुरू असताना काचेपलीकडून साउंड इंजिनिअर इतका हसला की सेशन दहा मिनिटं थांबवावं लागलं.

ओठ जुळले म्हणजे काम झालं, असं नवीन माणसाला वाटतं. मलाही वाटत होतं. हा लेख डबिंगचे संवाद लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे, पण आवाज द्यायला येणाऱ्यांनीही वाचावा, कारण बूथमध्ये तुम्ही अडता ते बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने काय केलंय यावर. उदाहरणं तेलुगूतून मराठीत येणाऱ्या सिनेमाची घेतली आहेत, कारण माझं काम त्यातच आहे. तोच सिनेमा हिंदी, तमिळ, कन्नडमध्येही जातो तेव्हा पायऱ्या याच असतात, शब्द तेवढे वेगळे.

## काम घेण्याआधी काय मागून घ्यायचं

- टाइमकोड छापलेली सिनेमाची प्रत, आणि ती अंतिम कटची आहे असं लेखी
- मूळ संवादांची यादी, तेलुगू शब्द देवनागरीत किंवा रोमनमध्ये उतरवलेली
- शब्दशः भाषांतर, वेगळ्या रकान्यात
- पात्रांची यादी: वय, नातं, कोण कोणाला काय हाक मारतं
- संगीत आणि इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक, ज्यात संवाद नाहीत
- चांगले हेडफोन आणि फ्रेमफ्रेमने पुढेमागे जाता येईल असा कुठलाही प्लेअर

यातली मूळ शब्दांची यादी बहुतेक वेळा मिळत नाही. फक्त इंग्रजी सबटायटलची फाइल येते आणि 'यावरून करा ना' असा निरोप. नाही म्हणा. सबटायटल हे वाचायला सोपं जावं म्हणून आखडलेलं असतं. त्यात ओठ कुठे मिटले हे कळत नाही, आणि कोणी कोणाला 'बावा' म्हटलं हेही कळत नाही. तिथे नुसतं नायकाचं नाव असतं.

अंतिम कटचा आग्रह का, तर प्रदर्शनाच्या आठवड्यापर्यंत सिनेमा कापला जातो. एखाद्या शॉटमधले बारा फ्रेम काढले तरी त्यापुढचं रीळभर रेकॉर्डिंग अर्ध्या सेकंदाने सरकतं, आणि ते सगळ्या भाषांत एकदम. प्रतीवर तारीख लिहून ठेवा. भांडायची वेळ आली की तीच कामाला येते.

आणखी एक विचारा: चित्र कुठल्या भाषेत चित्रित झालंय? 'बाहुबली' तेलुगू आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी चित्रित झाला होता. अशा सिनेमात तुमच्या प्रतीत कुठल्या भाषेचा शॉट आलाय हे न बघता लिहिलं, तर ओठ एका भाषेचे आणि हातातली यादी दुसऱ्या भाषेची, असा घोळ होतो.

## 1. आधी आवाज बंद करून बघा

पहिल्यांदा सिनेमा आवाजासकट बघा, गोष्ट कळू दे. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद. आता प्रत्येक वाक्यापुढे एकच गोष्ट लिहायची: ओठ दिसतात का, आणि किती?

मी तीन खुणा करते. चेहरा पडदाभर असेल तर 'पक्का'. कमरेपासून वर दिसत असेल, किंवा माणूस चालत असेल, तर 'सैल'. पाठमोरा, अंधारात, फोनवर पलीकडे किंवा दाढीमिशीत तोंड बुडालेलं असेल तर 'मोकळा'. मोकळ्या जागा हे तुमचं धन आहे. क्लोजअपमध्ये जे बसलं नाही, पण कथेला हवंय, ते पुढच्या पाठमोऱ्या शॉटमध्ये सरकवता येतं. मग पक्क्या जागी नुसतं ओठांना शोभेल असं लिहायचं.

हे न करता ओळीमागून ओळ सुटणारे लेखक मी पाहिलेत. पाठमोऱ्या शॉटवर ते तासभर घाम गाळतात आणि खऱ्या क्लोजअपपर्यंत थकून जातात.

## 2. ओठ कुठे मिटतात ते खुणावा

तोंडात होणारे बहुतेक उच्चार बाहेरून दिसतच नाहीत. क, ग, त, ट, न, ल, स यांची अदलाबदल केली तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. दिसतं ते ओठांचं मिटणं: प, ब, भ, म, आणि मराठीत बऱ्याच जणांच्या तोंडी फ. याशिवाय तोंडाचा आकार दिसतो, म्हणजे आ ला उघडलेलं, ऊ आणि ओ ला गोल झालेलं, ई ला ताणलेलं. व मध्ये खालचा ओठ हलतो, तो क्लोजअपमध्ये पकडला जातो.

क्रमाने तीन गोष्टी सांभाळायच्या. वाक्य कधी सुरू होतं आणि कधी संपतं, हे सर्वांत महत्त्वाचं. तोंड बंद झाल्यावर आवाज चालू राहिला तर गावातल्या टुरिंग टॉकीजमधलाही माणूस हसेल. त्यानंतर ओठांचं मिटणं. आणि शेवटी, जमलं तर, शेवटच्या स्वराचा आकार. मधले स्वर थोडे इकडेतिकडे झाले तर चालतात.

तेलुगू आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, हे आपलं नशीब. 'मारीन' म्हणताना नायकाच्या डोळ्यात जी आग असते ती दोन्ही भाषांत वाक्याच्या शेवटीच येते. इंग्रजी सिनेमात ती वाक्याच्या मध्यात येऊन जाते, आणि मग हावभाव आधी, शब्द नंतर अशी फजिती होते. पण तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतात, आपले बरेचसे व्यंजनावर. त्यामुळे तिथे तोंड उघडं राहतं आणि आपलं वाक्य खटकन बंद होतं.

## 3. एक ओळ पूर्ण लिहून बघू

नायक खलनायकाची कॉलर धरून, पडदाभर चेहऱ्यात, म्हणतो:

मा अम्मनि एमैना अंटे चंपेस्तानु.

अर्थ असा: माझ्या आईला काही बोललास तर मारून टाकीन. लांबी साधारण दोन सेकंद, म्हणजे 48 फ्रेम. भरभर बोलताना 'एमैना अंटे' एकमेकांत मिसळतं, त्यामुळे ठोके असे पडतात: मा-अम्-म-नि, ए-मै-नां-टे, चं-पे-स्ता-नु. बारा. ओठ चार ठिकाणी मिटतात: मा, अम्म, मै आणि चंपे. शेवटी ता ला तोंड उघडतं आणि नु ला गोल होतं.

पहिला खर्डा मी सरळ भाषांतर केला: 'माझ्या आईला काही बोललास तर ठार मारीन.' अर्थ बरोबर, लांबीही बरी. पण अम्म ला त्याचे ओठ घट्ट मिटलेत आणि कानावर 'आई' पडतंय. चंपे ला मिटलेत तर ऐकू येतंय 'ठार'. शेवटी ओठ गोल, आणि आवाज 'रीन' म्हणून दात दाखवतोय. कुठेतरी काहीतरी चुकतंय एवढं कोणालाही जाणवेल, काय ते सांगता येणार नाही.

मग 'मम्मी' आली. ओठांना उत्तम, पण हा माणूस लाकडाच्या ट्रकवर बसून लहानाचा मोठा झालाय, तो मम्मी कुठून म्हणेल? 'माउली' म्हटलं तर वारी सुरू झाल्यासारखं वाटतं.

'माय' सुचली तेव्हा गाडी पुढे सरकली: 'माझ्या मायला'. मा-झ्या-माय-ला, चार ठोके, आणि ओठ अगदी हवे तिथेच मिटतात. मधल्या तुकड्यात दुसऱ्या ठोक्याला ओठ मिटायला हवेत, तिथे 'काय बोललास तर' बसतं: काय-बोल-लास-तर. उरलं चंपेस्तानु. 'मारीन' सोडून द्यायचं हे कळायलाच मला अर्धा तास लागला. धमकी तीच ठेवून शब्द फिरवला: 'संपलास तू.' सं नंतर प ला ओठ मिटतात, ला ला तोंड उघडतं, तू ला गोल होतं. 'संपलास' जरा ओढून म्हटलं की चारही ठोके भरतात.

माझ्या मायला काय बोललास तर संपलास तू.

अडचण एकच राहिली, आणि ती तुमच्याही लक्षात आली असेल: 'मायला' ही आपल्याकडे शिवी आहे. चाचणीला ओळ वाजवली तेव्हा खोलीतल्या दोघांना हसू आलं. यावर उपाय ओळीत सापडत नाही, मागे जाऊन करावा लागतो. पहिल्या सीनपासून नायक आईला 'माय' अशीच हाक मारतो असं आम्ही करून टाकलं. विदर्भात आणि मराठवाड्यात ती साधी, रोजची हाक आहे. ही ओळ येईपर्यंत प्रेक्षकाने 'माय' दहा वेळा ऐकलेली असते, आणि मग 'माझ्या मायला' ऐकून कोणी हसत नाही.

एक ओळ, दोन तास. सगळ्या ओळींना एवढा वेळ देऊ नका. सिनेमात अशा पक्क्या आणि गाजणाऱ्या ओळी मोजक्याच असतात. वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा, बाकीच्या सैल जागांवर हात चालवा.

'बावा'चं काय केलं, तेही सांगते. लांबून मारलेल्या हाकेत ओठ दिसत नव्हते, तिथे नायकाचं नाव घातलं. क्लोजअपमध्ये 'बघ ना' केलं. हाक गेली, पण लाडीगोडी राहिली.

## 4. आवाज निवडताना चेहऱ्याकडे बघा

नवीन कास्टिंग करणारा मूळ आवाज ऐकतो आणि तसाच आवाज शोधतो. तेलुगूत ही मोठी फसगत ठरू शकते, कारण तिथे मूळ आवाजही कित्येकदा त्या नटाचा नसतो. समंथाला तेलुगूत कित्येक सिनेमांत गायिका चिन्मयी श्रीपादा हिचा आवाज आहे. म्हणजे तुम्ही ज्या आवाजाची नक्कल शोधताय तोच मुळात कोणीतरी निवडलेला आवाज आहे.

म्हणून आवाज बंद करून चेहरा बघा. मान केवढी आहे, छाती केवढी, माणूस बोलताना जबडा किती उघडतो, वाक्याआधी श्वास घेतो की वाक्य संपता संपता दमतो. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरांचा आवाज आहे. तो भारदस्त आहे म्हणून बसतो असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्या संथ हालचालींना त्यांच्या बोलण्याचा संथपणा शोभतो, म्हणून बसतो. 'पुष्पा'च्या हिंदीत श्रेयस तळपदेंनी उलटं केलं. तिथे नायक एक खांदा वर करून, तोंड पुरतं न उघडता बोलतो, आणि आवाजही तसाच ओढलेला, आळसावलेला आहे. 'आरआरआर'मध्ये राम चरण आणि एनटीआर यांनी हिंदीत स्वतःच आवाज दिला. तसं झालं की आवाजाचा प्रश्न मिटतो, पण उच्चारावर जास्त दिवस जातात.

चाचणी घेताना सगळ्यांना एकच मोठी डरकाळी देऊ नका. डरकाळी बरेच जण फोडतात. तीन तुकडे द्या: एक हळू आवाजातला, एक भांडणाचा, आणि एक असा ज्यात शब्दच नाहीत, नुसते उसासे, हुंदका, हसू. तिसऱ्यात बरेच जण गळतात.

मग जोडी तपासा. नायक आणि खलनायक, नायक आणि त्याचा भाऊ, जे सिनेमाभर एकमेकांशी बोलतात त्यांचे निवडलेले आवाज एकाच सीनमध्ये लावा आणि डोळे मिटून ऐका. कोण कधी बोलतंय हे कळलं नाही तर दोन्ही आवाज कितीही चांगले असोत, एक बदला.

मराठीपुरता एक सापळा. आवाज सुंदर, अभिनय सुंदर, पण 'चांगला' मधला च 'चार' मधल्या च सारखा येतो, आणि ळ चा ल होतो. मुंबईत हिंदीत काम करून मुरलेल्या कलाकारांचं असं होतं. शहरी डॉक्टरच्या भूमिकेला चालून जाईल, गावच्या पाटलाला नाही. चाचणीच्या तुकड्यात च, ज आणि ळ असलेली ओळ मुद्दाम घाला.

आणि आधीचा भाग येऊन गेलाय का ते विचारा. दुसऱ्या भागात आवाज बदलला तर प्रेक्षक सहज माफ करत नाही.

## 5. बूथमध्ये

कलाकार सहसा एकेकटे रेकॉर्ड करतात, समोर बोलणारा कोणी नसतो. कानात मूळ आवाज असतो, त्याला आपल्याकडे 'पायलट' म्हणतात. एक कान हेडफोनमध्ये आणि दुसरा मोकळा ठेवायची बऱ्याच जणांना सवय असते, म्हणजे स्वतःचा आवाज खरा ऐकू येतो. पायलट एकदोनदा ऐकून बंद करा. तो चालू ठेवून बोललात तर तेलुगूची चाल मराठीत उतरते. शब्द मराठी, पण हेल तिकडचा, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

ओळ 'मीटर'मध्ये बसत नाही असं कलाकार म्हणाला की वाद घालू नका. पेन काढा. त्याच्या तोंडून ती तीनदा घसरली म्हणजे ती चुकीची लिहिली गेलीय. 'परंतु'चं 'पण' करा, नाव काढा, 'अरे' घाला. लेखकाने सेशनला हजर राहावं ते यासाठीच.

किंचाळ्या, मारामारी, रडणं हे दिवसाच्या शेवटी घ्या. सकाळी घेतलंत तर दुपारी त्याच गळ्यातून प्रेमाचा सीन येणार नाही.

आणि श्वास विसरू नका. इफेक्ट्सच्या ट्रॅकमध्ये पावलं असतात, दार असतं, तलवार असते. पण धावताना लागलेली धाप, घोट गिळणं, मार खाल्ल्यावरचं 'हं' हे तोंडातून येतं, म्हणून मूळ संवादांबरोबर तेही गेलेलं असतं. हे रेकॉर्ड केलं नाही तर पडद्यावर माणूस धावतोय आणि त्याला दम लागत नाहीये असं दिसतं. संवादांच्या यादीत या जागा तुम्हीच भरा, कारण मूळ यादीत त्या नसतात.

माइकचं अंतरही सांभाळा. लांबच्या शॉटमधला माणूस कानाशी बोलल्यासारखा वाटला की ओठ बरोबर असूनही प्रेक्षक 'डब वाटतंय' म्हणतो.

## 6. सरकवणं आणि तपासणं

रेकॉर्डिंगनंतर एडिटर ओळ फ्रेमफ्रेमने मागेपुढे सरकवतो. 24 फ्रेमच्या सिनेमात एक फ्रेम म्हणजे सुमारे 42 मिलिसेकंद. कान आणि डोळे इथे सारखे वागत नाहीत. आवाज ओठांच्या दोन फ्रेम आधी आला तर खटकतो, दोन फ्रेम उशिरा आला तर बहुतेकांना कळत नाही. लांबून येणारा आवाज उशिराच पोहोचतो, त्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. म्हणून शंका असेल तेव्हा उशिराच्या बाजूला चुका.

सगळी ओळ एकदम सरकवू नका. मिटलेल्या ओठांपाशी खिळा मारा: आपल्या उदाहरणात संपलास मधला प हा चंपे मधल्या प वर नेऊन ठेवा, आणि मागचं पुढचं त्याच्या आधाराने लावा. सॉफ्टवेअरने ओळ ताणता आणि आवळता येते, पण फार झालं की आवाजाला पत्र्याचा वास येतो. तशी वेळ आली तर पुन्हा रेकॉर्ड करणं स्वस्त पडतं.

शेवटची तपासणी स्टुडिओतल्या छोट्या मॉनिटरवर करू नका, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर करा. मॉनिटरवर 'सैल' वाटलेला शॉट थिएटरात 'पक्का' होतो. आणि ज्याने सिनेमा आधी पाहिलेला नाही असा एक माणूस शेजारी बसवा. त्याला ओठ बघ वगैरे काही सांगायचं नाही. तो पडद्याकडे बघेल, तुम्ही त्याच्याकडे बघा. त्याची मान जिथे किंचित मागे जाईल, तिथला टाइमकोड लिहून घ्या. मागच्या सिनेमात माझ्या शेजारी आमच्या इमारतीतल्या एक काकू होत्या. अडीच तासांत त्यांची मान सात वेळा मागे गेली. पाच जागी ओठ चुकले होते. उरलेल्या दोन जागी एसी जास्त होता.